टाच धरून ठेवणारी जोडी : तोल जाणाऱ्या आई-बाबांसाठी घरात काय घालायला द्यावं

वयस्कर माणसासाठी बूट घ्यायचे म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बाहेरचे बूट येतात. सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला जायचे, लग्नकार्याला घालायचे. पण ज्यांचा तोल जातो ती माणसं दिवसाचे बहुतेक तास घरात असतात. आणि घरात त्यांच्या पायात एकतर झिजलेली हवाई चप्पल असते, नाहीतर काहीच नसतं. डिसेंबर-जानेवारीत त्यावर लोकरी मोजे चढतात, आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे म्हणजे अनवाणी पायापेक्षाही वाईट. म्हणून हा लेख फक्त घरात घालायच्या जोडीबद्दल आहे. बाहेरची जोडी नंतर घ्या, याच कसोट्या तिलाही लावता येतील.

पाय कुठे घसरतो ते आधी समजून घ्या

चालताना पाऊल पुढे पडतं तेव्हा आधी टाच टेकते, तीही टाचेची मागची कड. त्या क्षणी पाय पुढे सरकत असतो आणि अंगाचा भार अजून मागच्या पायावरून पुढच्यावर यायचा असतो. फरशी ओली असेल तर टाच पुढे निसटते आणि माणूस पाठीवर किंवा कुल्ह्यावर पडतो. चवडा उचलताना मागे सरकला तर तोल सावरायला दुसरा पाय आधीच पुढे टेकलेला असतो, त्यामुळे तो प्रकार सहसा झोकांडीवर निभावतो. पुढे सरकणारी टाच मात्र सावरायला वेळच देत नाही.

यावरून निवडीची अर्धी गोष्ट ठरते. टाचेखाली चांगली पकड हवी, टाच बुटात घट्ट बसलेली हवी, आणि टाचेखालचा तळ रुंद आणि ठाम हवा. दुकानात आपल्याला दाखवतात ते नेमकं याच्या उलट असतं: जाड, मऊ, उशीसारखा तळ आणि मागून उघडी चप्पल. ‘बघा, किती सॉफ्ट आहे, ढगावर चालल्यासारखं वाटेल.’ तोल जाणाऱ्या माणसाला ढगावर चालवायचं नसतं. पायाखाली काय आहे, फरशी कुठे संपते, पाऊल सरळ पडलं की तिरकं, हे तळपायाकडून मेंदूला कळत असतं. मधे जाड मऊ थर आला की ती खबर पुसट होते, आणि तळ एका बाजूला दबला की घोट्याला सतत सावरासावर करावी लागते. तरुण घोटा ते न कळत करतो, ऐंशीच्या घरातला करू शकत नाही.

पायरी १ : जुनी चप्पल उलटी करून बघा

मोजमापाच्या आधी हे करा, यातून बरंच कळतं. टाचेची मागची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं नेहमीचं आहे. एकाच चपलेची एक बाजू खूप झिजली असेल तर माणूस त्या बाजूला कलतो आहे किंवा गुडघ्यात, कुल्ह्यात दुखणं आहे. चवड्याचं पुढचं टोक घासून गुळगुळीत झालं असेल तर पाय उचलला जात नाही, घासत चालतात.

ही शेवटची खूण नीट लक्षात ठेवा, कारण तिथे सल्ला बदलतो. पाय घासत चालणाऱ्या माणसाला, विशेषतः पार्किन्सन असेल तर, सगळीकडून चिकटून राहणारा रबरी तळ दिला की चवडा फरशीला अडकतो आणि माणूस तोंडावर जातो. घसरणं थांबलं आणि अडखळणं सुरू झालं असं होतं. अशांसाठी टाचेखाली पकड हवी, पण चवड्याचं टोक थोडं वर वळलेलं आणि टोकाशी नक्षी उथळ असलेलं हवं. एकच पाय लोंबतो, पंजा वर उचलताच येत नाही असं असेल तर बुटाने काम भागणार नाही. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, बूट त्यांच्या सांगण्यावरून.

हवाई चपलेचा आणखी एक पुरावा बोटांवर सापडतो. बोटं खाली वळून आखडलेली असतील, बोटांच्या पेरांवर घट्टे असतील, तर वर्षानुवर्षं ती चप्पल पायात धरून ठेवायला बोटं आवळली गेली आहेत. अशा बोटांना वरून जागा लागते, पुढून निमुळता बूट चालणार नाही.

पायरी २ : दोन्ही पाय मोजा, संध्याकाळी, उभं राहून

संध्याकाळपर्यंत पावलं थोडी सुजतात, म्हणून माप चारनंतर घ्या. भिंतीला लागून एक कोरा कागद जमिनीला चिकटवा. आई-बाबांना टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर उभं करा. समोर जड खुर्ची ठेवा, तिची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरावी. सर्वात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. लांब बोट नेहमी अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं त्याशेजारचं असतं. मग चवड्याची सर्वात रुंद जागा, म्हणजे अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आणि करंगळीच्या बुडाचा उंचवटा, दोन्हीकडे खुणा करा. दोन्ही पायांचं माप वेगळं लिहा. फरक निघतोच.

लांब पायाच्या मापात एक सेंटिमीटर मिळवा. तेवढी आतली लांबी हवी. दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त सोडलं तर बुटाचं टोक पायाच्या पुढे वाढतं आणि उंबरठ्याला अडकतं. ‘थोडे मोठेच घेऊ, सूज आली तरी बसतील’ हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा. सुजेसाठी जागा लांबीत सोडायची नसते, ती वरून उघडणाऱ्या पट्ट्यात असावी लागते.

पायरी ३ : दुकानात हाताने करायच्या तपासण्या

कागद आणि मोजपट्टी सोबत न्या. बर्डीवरच्या गर्दीच्या दुकानांपेक्षा शांत दुकान आणि दुपारची वेळ बरी. मधुमेहींसाठीची पादत्राणं धंतोली-रामदासपेठेकडच्या सर्जिकल दुकानांत विचारा. आई-बाबांना पहिल्या फेरीत नेऊ नका. आधी तुम्ही जाऊन दोन-तीन जोड्या निवडून ठेवा, मग फक्त घालून बघायला त्यांना न्या.

बुटाची मागची भिंत, जिला दुकानदार काउंटर म्हणतात, ती अंगठ्याने आत दाबा. ती सहज चेपली तर तो बूट टाच धरणार नाही, परत ठेवा. मग एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून पिळा. ओलं फडकं पिळल्यासारखा पिळला गेला तर तळ कमजोर आहे. आता टोक वर वाकवा. बूट चवड्याच्या रुंद भागाशी वाकायला हवा, जिथे आपलं पाऊल वाकतं. मधोमध दुमडत असेल तर चालताना पायाखाली होडीसारखा डुलेल.

उंचीसाठी डोळ्यावर विसंबू नका, मोजपट्टी लावा. टाचेखालची एकूण जाडी अडीच सेंटिमीटरच्या आत हवी, आणि चवड्याखालच्या जाडीशी तिचा फरक थोडा हवा. बाहेरून सपाट दिसणारे पुष्कळ बूट आतून टाचेला उंच असतात. तळाची रुंदीही बघा. टाचेखाली तळ हा वरच्या भागाइतका किंवा त्याहून किंचित रुंद असावा. वरून रुंद आणि खाली निमुळता म्हणजे डगमग. आतल्या गादीवर अंगठा दाबून सोडा. थोडी दबून लगेच वर आली तर ठीक, बोट रुतून बसलं तर नको.

मग तळ. खोबणी दोन-तीन मिलिमीटर तरी खोल हवी आणि ती कडेपर्यंत उघडी हवी. पाण्यावर पाय पडला की ते पाणी दाबून बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर रबर आणि लादी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाय त्यावर तरंगतो. कित्येक तळांवर सुंदर नक्षी असते, पण ती बंद चौकटींची, पाणी आतच कोंडणारी. काहींना चवड्याखाली नक्षी असते आणि टाचेखाली कंपनीचं नाव कोरलेला गुळगुळीत चकता. ज्या जागी पकड हवी तिथेच नाव छापलेलं! टाचेची मागची कड खालून थोडी तिरकी कापलेली असेल तर उत्तम, कारण टाच टेकताना त्या तिरक्या भागामुळे एका रेषेऐवजी पट्टाभर रबर फरशीला लागतं.

तळ कशाचा आहे हे विचारा. रबर किंवा रबरासारखा टीपीआर घरातल्या ओल्या लादीवर बरा पडतो. कडक पीव्हीसी टाळा. फोमसारखा हलका ईव्हीए तळ नवा असताना ठीक असतो, पण लवकर झिजून सपाट होतो आणि टाचेखाली दबून बसतो. पीयूचा तळ वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिला तर दमटपणाने आतून कुजतो आणि एके दिवशी चुरा होऊन सुटतो. म्हणून ‘बाबांचे ते जुने, फारसे न वापरलेले बूट’ काढून देण्याआधी तळाला नख लावून बघा.

खोक्यावर ‘अँटी-स्किड’ छापलेलं असतं, तेवढ्यासाठी जास्त किंमत मोजू नका. ते शब्द छापण्याआधी कोणी कसोटी घेतलीच असेल असं नाही.

पट्टा, आणि तो कोण लावणार

नाडी सर्वात चांगली पकडते, पण वाकता न येणाऱ्या, बोटं आखडलेल्या माणसाला नाडी म्हणजे रोजची लाचारी. सुटलेली नाडी पायात येते ते वेगळंच. वेल्क्रोचा रुंद पट्टा पायाच्या वरच्या उंचवट्यावरून जाणारा हवा. बोटांच्या जवळून जाणारा पट्टा टाच मागे धरून ठेवत नाही. सूज कमीजास्त होत असेल तर दोन पट्टे घ्या. रात्री घाईने लघवीला उठावं लागत असेल तर एकच रुंद पट्टा बरा, कारण दोन पट्टे लावत बसण्यापेक्षा लोक बूट न घालताच उठतात. इथे सर्वोत्तम बुटापेक्षा खरोखर घातला जाणारा बूट निवडा.

पट्ट्याचं टोक लावल्यावर बाहेर लोंबायला नको, नाहीतर दुसऱ्या पायाखाली येतं. जास्तीचं कापून टाका. मागची कड खाली चेपून चपलेसारखा बूट घालायची सवय असेल तर लांब दांड्याचा शूहॉर्न घ्या, आणि बूट घालायला हात असलेली खुर्ची पलंगाशेजारी कायमची ठेवा. एका पायावर उभं राहून बूट घालताना तोल जाणं, ही चांगला बूट आणल्यानंतरची पहिली दुर्घटना असते.

मधुमेह असेल तर

पायाची संवेदना कमी झालेल्यांना चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे ते स्वयंपाकघरापर्यंत जातात. त्यांना अंगठ्याची चप्पल नको, मागून पट्टा असलेलंच काहीतरी हवं. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या गादीचे सँडल मधुमेहींना सुचवले जातात, ते पायावरचा दाब वाटून देतात. जखमेपासून बचावासाठी ती गादी चांगली. पण तोलाच्या दृष्टीने तिच्याखाली कडक, रुंद, नक्षीदार तळ हवा. नुसती मऊ गादी जाड करत नेऊ नका. पायाला आधी जखम झाली असेल तर जोडी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

‘घट्ट होतंय का?’ या प्रश्नाला अशा माणसाचं ‘नाही’ हे उत्तर पुरेसं धरू नका. बूट काढल्यावर डोळ्यांनी बघा. रोज घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा, शेंगदाण्याचं टरफल, गोळीचं चुरगळलेलं वेष्टन, काहीही निघतं.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा मनीषनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये ७६ वर्षांच्या आजी राहतात. मधुमेह जुना, तळपायाला मुंग्या, हातांच्या बोटांना संधिवात. घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. वर्षभर पायात हवाई चप्पल. चप्पल उलटी केली तर टाचा पार सपाट झालेल्या, चवड्याची टोकं मात्र शाबूत. म्हणजे पाय घासत चालत नाहीत, पकड सगळीकडे चालेल.

मापं अशी निघाली: डावा पाय २३.८ सेंटिमीटर, उजवा २३.४, चवड्याची रुंदी ९.७. डाव्यात एक मिळवून आतली लांबी २४.८ हवी. चार नंबरच्या बुटातली गादी बाहेर काढून मोजली तर २४.३, पाच नंबरची २५.१. नंबर कंपनीगणिक थोडा बदलतो, म्हणून गादी काढून मोजणं हाच खरा उपाय. त्या गादीवर आजींना उभंही करून बघितलं: करंगळीची बाजू गादीच्या बाहेर जात नाही, म्हणजे रुंदी पुरेशी आहे. पाच नंबर ठरला.

उजव्या पायाला आता पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा राहते आणि चालताना टाच उचलते. इथे बहुतेक लोक बोटांपुढे कापूस कोंबतात किंवा खाली आणखी एक मऊ गादी घालतात. दोन्ही चुकीचं. कापूस बोटांना टोचतो, आणि गादी टाच वर उचलते म्हणजे ती काउंटरच्या पकडीतून बाहेर येते. त्याऐवजी पट्ट्याखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला फेल्टची पातळ पट्टी चिकटवायची. ती पाय मागे ढकलते आणि टाच जागेवर बसते. मोच्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. पट्टीची कड पायाला घासत नाही ना, हे मधुमेहात खास बघायचं.

आता पकडीची तुलना. दोन जोड्या परत करण्याच्या बोलीवर घरी आणल्या. नव्या तळावर साच्यातून सोडवायला लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असू शकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी चांगला बूटही घसरतो. म्हणून तळ साबणाने आणि ब्रशने घासून धुतले, वाळवले. मग बुटात टाचेकडे साखरेचे दोन किलो ठेवले, मागच्या पट्टीला दोरी बांधली, आणि सामान तोलायच्या हुकाच्या तराजूने ओल्या, किंचित साबण लावलेल्या लादीवर आडवं ओढलं. बूट सरकायला लागतो त्या क्षणीचा आकडा वाचायचा. साखर धरून एकूण वजन सव्वादोन किलो. पहिला, मऊ गादीचा बूट ७०० ग्रॅमला सरकला. दुसरा १,१०० ग्रॅमला. वजनाने भागलं तर ०.३१ आणि ०.४९. हे प्रयोगशाळेचे आकडे नव्हेत, माणसाची टाच यापेक्षा फार जोरात आणि तिरकी पडते. दोन बुटांपैकी तुमच्या घरच्या लादीवर कोणता जास्त धरतो, एवढंच यातून कळतं, आणि तेवढंच हवं असतं. ओढताना दर वेळी पाणी आणि साबण सारखा ठेवा, तीन वेळा ओढून मधला आकडा घ्या.

नंतर चालून बघायची पाळी. हात असलेल्या खुर्चीत बसायचं, उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तीन मीटरवर चिकटपट्टी लावा, एकाने घड्याळ धरावं, दुसऱ्याने आजींच्या शेजारून, हाताच्या अंतरावर चालावं. फरशी कोरडी. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजींना अनवाणी १५ सेकंद लागले, हवाई चपलेत १७, नव्या बुटात १४. सेकंद फार कमी झाले नाहीत, आणि बुटाने ते व्हायचेही नाहीत. बघायचं होतं ते वळताना. चपलेत त्या पाच-सहा बारीक पावलं टाकत, भिंतीला हात लावत वळत होत्या. बुटात भिंतीला हात गेला नाही. नव्या बुटात वेळ वाढला, पाऊल अडखळलं किंवा त्या सतत खाली बघू लागल्या असत्या, तर तोलण्यात १,१०० ग्रॅम आलेला तो बूटही परत करायचा होता.

पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढायचा आणि तळपाय, टाचेची मागची बाजू, करंगळीचा उंचवटा बघायचा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागी बूट घासतो आहे. दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी दोन. आठवड्याने दिवसभर.

‘घरात बूट? देवघर आहे ना!’

माप, तळ, पट्टा सगळं जमलं तरी जोडी इथे अडते, आणि यात वाद घालून फायदा नाही. जोडी फक्त घरातली, उंबरठ्याबाहेर कधीच न गेलेली, हे आधी पक्कं करा. दुकानातून आणल्यावर त्यांच्यासमोर धुवा. धुता येईल असंच कापड किंवा जाळी निवडा, चामडं नको. शक्य असेल तर बुटासारखा दिसणारा न घेता मागून बंद, पट्टा असलेला घरगुती सँडल घ्या, कित्येकांना ‘बूट’ या शब्दाचाच राग असतो. देवघरासमोर पक्की खुर्ची ठेवा, बसूनच काढायचे आणि बसूनच घालायचे. पूजाही खुर्चीत बसून करायची तयारी असेल तर अर्धा प्रश्न सुटतो.

तरीही नाहीच म्हटलं तर रबरी ठिपक्यांचे मोजे हा तडजोडीचा मार्ग आहे. साध्या मोज्यांपेक्षा बरे, बुटाइतके नाहीत. ते पायात फिरतात आणि ठिपके वर येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी ठिपके असलेले आणि टाच शिवलेले घ्या. ठिपके झडायला लागले की टाकून द्या.

साडी किंवा गाऊन नेसणाऱ्यांसाठी एक राहून जाणारी गोष्ट: चप्पल बदलली की उंची बदलते. जाड चपलेवर बेतलेली साडी पातळ तळाच्या बुटावर जमिनीला टेकते आणि टोकाखाली येते. घोट्यापर्यंतच नेसायला सांगा, गाऊन दोन-तीन सेंटिमीटर दुमडून शिवा. लुंगीलाही हेच.

बाथरूम

बाथरूमच्या दारात वेगळी रबरी चप्पल ठेवायची आपली पद्धत असते. तोल जाणाऱ्या माणसासाठी दारात, ओल्या जागी, एका पायावर उभं राहून केलेली अदलाबदल ही त्या चपलेने वाचवलेल्या धोक्यापेक्षा मोठी आहे. त्यामुळे लघवीला जाताना घरातलाच बूट आत जाऊ द्या, म्हणूनच तो धुता येणारा हवा. अंघोळीला मात्र बूट बाहेर खुर्चीवर बसून काढायचे, खालच्या सक्शन कपांनी चिकटणाऱ्या रबरी मॅटवरून हात धरून जायचं, आत स्टुलावर बसून अंघोळ. पाय बोटांच्या बेचक्यांसह कोरडे केल्याशिवाय बूट परत चढवू नका.

उन्हाळ्यातल्या तीन गोष्टी

नागपुरात मार्च संपला की कूलर लागतो, आणि कूलरची टाकी भरताना सांडलेलं किंवा ताट्यांवरून उडालेलं पाणी खिडकीखालच्या लादीवर साचतं. त्यात धूळ मिसळली की जो चिखलाचा पातळ लेप होतो, त्यावर कोणतीही नक्षी पुरत नाही. कूलर शक्यतो खिडकीबाहेर, तोंड आत, आणि पलंगापासून बाथरूमच्या वाटेवर तो नको.

दुसरी गोष्ट घामोळ्यांची पावडर. अंगाला लावताना ती लादीवर सांडते, दिसत नाही, आणि कॅरमच्या फळ्यावर ती जे करते तेच टाचेखाली करते. पावडर बाथरूमबाहेर, जुन्या चादरीवर बसून लावा, आणि तळाच्या खोबणीत ती भरलेली नाही ना ते आठवड्यातून एकदा बघा.

तिसरी गोष्ट, धुतलेली जोडी मे महिन्यात गच्चीवर वाळत घालू नका. तिथल्या उन्हात ईव्हीए आकसतो आणि बूट अर्ध्या नंबराने लहान होतो, तळाचा गोंदही सुटतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. फरशी पुसायला फिनाईल किंवा साबण वापरला असेल तर त्यावर साध्या पाण्याचा हात फिरल्याशिवाय आणि वाळल्याशिवाय त्यांना उठू देऊ नका, कामाला येणाऱ्या ताईंना हे एकदा नीट सांगून ठेवा.

जोडी कधी बदलायची

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जोडी टेबलावर ठेवून मागून बघा. टाचा एका बाजूला कलल्या असतील, काउंटर चेपला असेल, किंवा टाचेखालची खोबणी एक मिलिमीटरपेक्षा उथळ झाली असेल, तर वरून कितीही नवी दिसली तरी बदला. वेल्क्रोमध्ये केस आणि धागे भरले की तो धरत नाही. जुन्या टूथब्रशने किंवा टाचणीने उकरून काढा, बहुतेकदा तो पुन्हा नवा होतो. तळ झिजला पण बाकी शाबूत असेल तर मोच्याकडून आडव्या रेघांच्या रबराचा पातळ तळ लावून घेता येतो. मात्र दोन्ही बुटांना एकाच जाडीचा, आणि टाचेची मागची कड त्याच्याकडून तिरकी घासून घ्या. एकाच बुटाला लावला तर दोन पायांच्या उंचीत फरक पडतो.

चांगली जोडी पायात असूनही उठल्याबरोबर डोळ्यापुढे अंधारी येते, तोल अलीकडेच अचानक बिघडला आहे, किंवा महिन्यात दोनदा पडले, तर दुसरे बूट शोधू नका. बसलेले असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजून घ्या, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा. जाताना ती उलटी करून बघितलेली जुनी चप्पलही पिशवीत टाका, त्यांना ती बघायला आवडेल.